आजारी बालकाचे अन्न आणि पाणी

(संघाच्या वार्षिक संमेलनात पालकांच्या सभेपुढे केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. परंतु घराघरांत एक प्रसंग वारंवार पाहण्यात येतो आणि त्या वेळी थोरामोठ्यांच्या हातून जे घडते, त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची सूचना होती. प्रसंग असा : एक ते तीन वर्षांचे मूल आजारी पडते, अन्नाकडे पाहून तोंड फिरवते आणि त्या क्षणापासून सारे घर त्याच्या तोंडात घास कोंबण्याच्या खटपटीस लागते. मुलाला जुलाब आणि उलट्या होत असतील तर ही खटपट नुसती व्यर्थ जात नाही, ती घातकही ठरते. म्हणून आज मी जुलाबाचेच उदाहरण घेणार आहे.

आमच्या आळीतील एका घरात गतवर्षी दीड वर्षाची मुलगी आजारी पडली. वजन दहा किलो. सकाळपासून पाच वेळा पातळ शौचाला झाली, दोनदा उलटी झाली, अंगात ज्वर होता. आजींनी मऊ भात कालवला. "सूनबाई, पोरीच्या पोटात काल रात्रीपासून अन्नाचा कण नाही. तू हात धर, मी भरवते." मुलीने दोन घास थुंकले, तिसरा बळेच गिळवला, आणि पाठोपाठ पोटातले सारे बाहेर आले. सून हळूच म्हणाली, "अहो आई, ती पाणी मागतेय." आजींचे उत्तर आपण सर्वांनी ऐकलेले आहे : "पाणी दिलेस तर आणखी जुलाब होतील."

आजींची माया खरी होती, पण अनुमान उलटे होते. जुलाबात शरीरातून प्रथम जाते ते पाणी आणि त्याबरोबरचे क्षार. मोठ्या माणसाच्या देहात पाण्याचा साठा पुष्कळ असतो. दहा किलोच्या देहात तो थोडका आणि खर्च मात्र भराभर. अन्नावाचून असे मूल दोन दिवस काढू शकेल. पाण्यावाचून ते काही तासांतच संकटात सापडते. मूल अन्न नाकारते तेही हट्टाने नव्हे. ज्वराने भूक मंदावते, मळमळीने ती पार जाते. त्या वेळी मुलाला तहान मात्र असते आणि तीच ओळखायची असते.

आता साखर-मिठाच्या पाण्याचे मर्म. जुलाबाने आतडे बिघडले तरी त्याच्या अस्तरातील एक वाट बहुधा शाबूत राहते. तिच्यातून ग्लुकोज आणि मीठ जोडीनेच आत जातात व आपल्याबरोबर पाणी ओढून नेतात. नुसत्या पाण्याने हे साधत नाही, आणि साखर फार झाली तर ती उलट आतड्यात पाणी खेचून आणते. म्हणून बाटलीतली गोड पेये व डब्यातले फळांचे रस जुलाब वाढवतात. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून पाजण्याचा मार्ग धरला, आणि रोग्यांच्या नातेवाइकांनीच ते पाजले. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे पुष्कळच उतरले. २०२२ साली त्यांचे निधन झाले व २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आज आरोग्यकेंद्रात आणि औषधाच्या दुकानात ओआरएसची पुडी मिळते, ती त्याच विचाराची सुधारलेली आवृत्ती होय.

पुडी वापरताना एक पथ्य कडक पाळावे. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पुडी २०० मिलिलिटरसाठी. पुडीवर जे लिहिले असेल तेवढेच पाणी, उकळून गार केलेले, मोजून घ्यावे आणि सबंध पुडी त्यात रिकामी करावी. मोठी पुडी पेलाभर पाण्यात ओतली तर मीठ अतोनात होते आणि ते मुलाला अपाय करते. पाणी जास्त झाले तर मिश्रण निरुपयोगी. "अंदाजाने थोडी पुडी, अंदाजाने थोडे पाणी" हा हिशेब मला माझ्या वर्गातील मुलांनी केलेला चालला नसता, येथे तर मुळीच चालू नये. वर साखर घालू नये. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा शिगोशीग भरू नये, सुरीच्या पाठीने तो सपाट करावा. चव डोळ्यांतील अश्रूंहून खारट लागली तर ते पाणी टाकून द्यावे.

त्या मुलीला दुपारी डॉक्टरांकडे नेले. डोळे किंचित आत गेले होते, जीभ कोरडी होती, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की ती सावकाश पूर्ववत होत होती. परंतु मुलगी जागी होती, चिडत होती आणि चमचा पाहताच तोंड पुढे करत होती. अशा अवस्थेत पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोमागे ७५ मिलिलिटर पाणी द्यावयाचे असते. दहा किलोला साडेसातशे झाले. आकडा ऐकून आजी दचकल्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, पेला तोंडाला लावायचाच नाही. घड्याळ समोर ठेवा आणि दर मिनिट-दीड मिनिटाला चहाचा एक चमचा."

हिशेब करून पाहा. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावते. दीड मिनिटाला एक चमचा म्हणजे तासाला चाळीस चमचे, दोनशे मिलिलिटर. चार तासांत आठशे. जे काम एका घोटाने होत नाही, ते चमच्याने बिनबोभाट होते, कारण पोट एकदम ताणले जात नाही. मध्यंतरी मुलीला एकदा उलटी झाली. आजी लगेच म्हणाल्या, "बघा, पाणीही ठरत नाही." डॉक्टरांनी दहा मिनिटे थांबावयास सांगितले आणि मग दोन-तीन मिनिटांना एक चमचा याप्रमाणे पुन्हा आरंभ केला. उलटीत बाहेर पडते ते बहुधा घेतलेल्यापेक्षा कमीच असते. म्हणून उलटी झाली की पाणी बंद, हा नियम सोडून द्यावा. चमचा जड वाटला तर बोंडल्याने द्यावे. आईचे दूध पीत असलेल्या मुलाला ते मुळीच तोडू नये, उलट अधिक वेळा पाजावे.

संध्याकाळी मुलीने लंगोट ओला केला. ही खूण मोलाची आहे. लघवी झाली, जीभ ओली दिसली, रडताना डोळ्यांत पाणी आले की समजावे, पाणी अंगी लागत आहे. त्यानंतर दर जुलाबामागे दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धी वाटी, आणि त्याहून मोठ्यास दुप्पट द्यावे. मधूनमधून भाताची मिठाची पेज, वरणाचे पाणी, पातळ ताक यांपैकी जे रुचेल ते द्यावे.

कोणत्या खुणा दिसल्या तर घरी थांबू नये, हेही स्पष्ट सांगतो. मूल पाणीसुद्धा पीत नाही किंवा घेतलेले सर्वच ओकून टाकते, सुस्त पडते व हाकेला ओ देत नाही, आकडी येते, शौचात रक्त दिसते, सहा ते आठ तासांत लघवी होत नाही, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये. सहा महिन्यांखालील बालकाला तर जुलाब सुरू होताच दाखवावे.

पाणी ठरू लागले, म्हणजे साधारण पहिल्या चार तासांनंतर, अन्न पुढे ठेवावे. येथे दुसऱ्या टोकाची चूक होते. "लंघन परम औषध" म्हणून कित्येक घरांत मुलाला दोन-दोन दिवस नुसत्या साबुदाण्याच्या पाण्यावर ठेवतात. लंघन प्रौढाला एखादे वेळी मानवेल, बालकाच्या अंगात तेवढी शिल्लक नसते, आणि अन्नावाचून आतड्याचे अस्तरही लवकर सुधारत नाही. तेव्हा अन्न द्यावे, परंतु लादू नये. त्या मुलीला दुसऱ्या दिवशी दर दोन-तीन तासांनी चार-पाच चमचे मऊ वरणभात पुढे केला. कधी तिने दोन चमचे घेतले, कधी एकही नाही. ज्वर उतरल्यावर ती अधिक घेई, हे आजींच्याच ध्यानात आले आणि मग त्यांनी वेळ साधली. नाक चोंदलेले असेल तर ते साफ करून मग भरवावे. तोंडात फोड आले असतील तर गार, सौम्य दहीभात चालतो, आंबट-तिखट झोंबते. हात धरून, नाक दाबून भरवल्याने ठसका लागून अन्न श्वासनळीत जाण्याचे भय असतेच. शिवाय वाटी दिसताच रडणे ही सवय आजार गेल्यावरही आठवडेच्या आठवडे टिकते.

याबरोबर डॉक्टरांनी जस्ताची गोळी दिली होती. सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले की बहुतेक घरांत ही गोळी कपाटात जाते. ती पुरे चौदा दिवस द्यावयाची असते, कारण तिने पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब उलटण्याचा संभव कमी होतो.

आता आजारानंतरचा काळ, ज्याकडे आपले लक्षच नसते. पाचव्या दिवशी त्या मुलीचे वजन नऊ किलो चारशे ग्रॅम भरले. शरीर झीज भरून काढू पाहते, म्हणून आजारानंतर भूक सहसा नेहमीपेक्षा वाढते. आणि नेमके त्याच वेळी "बरी झाली" म्हणून घर निश्चिंत होते. या काळात नेहमीच्या जेवणांवर रोज एक जेवण अधिक, असे निदान दोन आठवडे द्यावे. ताटात फार वाढू नये, अन्न कसदार करावे : वरणभातावर किंवा खिचडीवर एक चमचा साजूक तूप, भाकरी दुधात कुस्करून, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे घरात चालत असेल तर तेही. पातळ पेज आता पुरे झाली. तिने पोट भरते, अंग भरत नाही.

भूक परत येण्याच्या आड दोन गोष्टी येतात. एक, जेवत नाही म्हणून दिवसभर दुधाची बाटली. दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक दूध गेले की जेवणाला जागा उरत नाही. दुसरी, हाती दिलेली बिस्किटे. त्या घरी सुनेने दोन जेवणांमध्ये पाण्याखेरीज दोन तास काही द्यायचे नाही असे ठरवले, ताट वीस-पंचवीस मिनिटांनी न रागावता उचलले, आणि मुलीला आपल्या ताटाशेजारी स्वतःच्या हाताने खाऊ दिले. भूक वाढवणारे औषध शेजाऱ्यांनी सुचवले होते; डॉक्टरांनी ते नको म्हणून सांगितले. अशी औषधे त्यांच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत.

एकोणिसाव्या दिवशी अंगणवाडीच्या काट्यावर वजन दहा किलो शंभर ग्रॅम आले. दोन आठवडे उलटूनही वजन पूर्वपदावर येत नसेल, किंवा जुलाब चौदा दिवस लांबले असतील, तर मात्र घरचे उपाय बाजूस ठेवून मुलास पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे. वजनाची नोंद तारखेनिशी लिहून ठेवली असेल तर त्यांचे अर्धे काम तेथेच होते.