मॅक नवे अ‍ॅप उघडायला नकार देतो तेव्हा

लग्नसराई आली की उल्हासनगरच्या कॅम्पांपासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंत लग्नाचे व्हिडिओ संकलित करणाऱ्यांना रात्र पुरत नाही. समजा, बदलापुरातल्या अशाच एका संकलकाला मोठी फिल्म फोनवर पाठवता येईल इतकी लहान करायची आहे. त्यासाठी तो इंटरनेटवरून एक छोटे मोफत अ‍ॅप उतरवून घेतो आणि त्यावर दोनदा क्लिक करतो. अ‍ॅप उघडत नाही. पडद्यावर इंग्रजीत मजकूर येतो : या अ‍ॅपमध्ये घातक काही नाही, याची खात्री अ‍ॅपलला करता आली नाही. खाली दोन बटणे असतात, Move to Trash आणि Done. गिऱ्हाईक ताटकळलेले असते, आणि ‘हे बंद कसे करायचे’ एवढाच प्रश्न त्याच्या डोक्यात उरतो.

त्याचे उत्तर शोधण्याआधी मॅकने नेमके काय तपासले, ते पाहायला हवे.

ब्राउझरमधून फाइल उतरली की तिच्यावर एक अदृश्य खूण बसते. ‘ही बाहेरून आली आहे’ एवढेच ती सांगते. तिचे नाव com.apple.quarantine. अशी खूण असलेले अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना ‘गेटकीपर’ नावाची यंत्रणा पुढे येते. 2012 पासून ती मॅकमध्ये आहे. ती आधी अ‍ॅपवरची डिजिटल सही पाहते. ही सही गॅस सिलिंडरच्या सीलसारखी असते : माल कोणाकडून निघाला ते त्यावरून कळते आणि वाटेत कोणी हात घातला असेल तर सील तुटलेले दिसते. सही करण्यासाठी अ‍ॅप बनवणाऱ्याला अ‍ॅपलकडे नोंदणी करावी लागते आणि तिची वर्षाची फी 99 डॉलर आहे.

दुसरी पायरी पुढे जोडली गेली. सही केलेले अ‍ॅप आधी अ‍ॅपलकडे पाठवायचे, तिथले संगणक त्यात ओळखीचे घातक सॉफ्टवेअर आहे का ते तपासतात आणि तसे काही नसेल तर मंजुरी देतात. 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून अ‍ॅप स्टोअरबाहेरच्या नव्या अ‍ॅपसाठी मॅक ही मंजुरीही मागतो. म्हणजे आपल्या संकलकाला दिसलेला इशारा ‘अ‍ॅप वाईट आहे’ असे म्हणत नाही. ‘या अ‍ॅपची हमी माझ्याकडे नाही’ एवढेच तो म्हणतो. फावल्या वेळात मोफत अ‍ॅप बनवणारा एखादा प्रामाणिक माणूस ती फी भरत नाही, तेव्हाही हाच इशारा येतो. चोराचे अ‍ॅप असले तरी हाच येतो.

हा फरक न ओळखणे किती महागात पडू शकते, हे 2017 च्या मे महिन्यात दिसले. हँडब्रेक हे व्हिडिओ लहान करण्याचे, एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेण्याचे नावाजलेले मोफत अ‍ॅप. त्याच्या दोन डाउनलोड सर्व्हरपैकी एक हल्लेखोरांनी ताब्यात घेतला आणि HandBrake-1.0.7.dmg ही फाइल काढून तिथे आपली बनावट फाइल ठेवली. भारतीय वेळेनुसार 2 मेच्या रात्री आठपासून 6 मेच्या दुपारी साडेचारपर्यंत ज्यांनी मॅकसाठी हँडब्रेक उतरवले, त्यांच्या हाती बनावट माल पडण्याची शक्यता निम्मी होती. संकेतस्थळ खरे होते, नाव खरे होते.

त्या दिवसांत ते उतरवणाऱ्यांमध्ये अमेरिकेतल्या पॅनिक या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्हन फ्रँक होते. वर्षानुवर्षे मॅकसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा हा माणूस. बनावट हँडब्रेकने उघडताच मॅकचा पासवर्ड मागितला आणि त्यांनी तो दिला. आपण सही नसलेली काही अ‍ॅप्स नेहमीच वापरतो, त्यामुळे गेटकीपरचा इशाराही बहुधा विचार न करता ओलांडला असावा, असे त्यांनी नंतर स्वतः लिहिले. चोरांनी त्यांचे जतन केलेले पासवर्ड उचलले, त्यांच्या आधारे कंपनीच्या अ‍ॅप्सचा मूळ कोड नेला आणि तो उघड न करण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. फ्रँक यांनी खंडणी दिली नाही, सगळा प्रकार जाहीर केला.

इथे चूक नेमकी कुठे पकडता आली असती? दोन ठिकाणी. व्हिडिओ लहान करणाऱ्या अ‍ॅपला मॅकचा पासवर्ड लागायचे कारणच नव्हते. आणि हँडब्रेकच्या मंडळींनी खऱ्या फाइलचा ठसा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघणारी अक्षर-आकड्यांची ओळ, प्रसिद्ध केलेला होता. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी हा ठसा पार वेगळा निघतो. टर्मिनलमध्ये तो असा काढता येतो :

```
shasum -a 256 ~/Downloads/HandBrake-1.0.7.dmg
```

आलेली ओळ प्रसिद्ध केलेल्या ओळीशी जुळली पाहिजे. ठसा मात्र फाइल ठेवलेल्या सर्व्हरवरून घेऊ नये. चोराने तो सर्व्हरच घेतला असेल तर ठसाही त्याचाच असतो.

आता आपल्या बदलापूरच्या संकलकाकडे वळू. अ‍ॅप बनवणाऱ्याच्या मूळ पानावरूनच घेतले आहे, ठसा जुळला आहे, ते वापरणारी जाणकार माणसेही आहेत. मग त्याने Done दाबावे, System Settings मध्ये Privacy & Security उघडावे आणि खाली Security या भागापर्यंत जावे. तिथे नुकत्याच अडवलेल्या अ‍ॅपचे नाव आणि Open Anyway हे बटण दिसते. अ‍ॅप अडवल्यानंतर हे बटण साधारण तासभरच तिथे राहते. नाही दिसले तर अ‍ॅपवर पुन्हा दोनदा क्लिक करायचे. पासवर्ड किंवा बोटाचा ठसा देऊन ही मुभा मिळते, आणि ती त्या एकाच अ‍ॅपपुरती असते. बाकीचा पहारा तसाच राहतो. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केले की Open निवडता येत असे; 2024 च्या सिक्वोया आवृत्तीत ती वाट बंद झाली. घातक अ‍ॅप्स पसरवणारे लोकांना तेच करायला सांगत होते. आता त्यांनी युक्ती बदलली आहे : ‘टर्मिनल उघडा आणि ही ओळ चिकटवा’, असे ते सांगतात. अनोळखी पानावर अशी सूचना दिसली तर ते पान तिथेच बंद करावे.

दोन इशारे याहून वेगळे आहेत. अ‍ॅप damaged आहे असे मॅक म्हणाला, तर बहुधा डाउनलोड अर्धवट झालेले असते किंवा सही आणि फाइल यांचा मेळ बसलेला नसतो. ती फाइल काढून मूळ ठिकाणाहून पुन्हा घ्यावी. आणि अ‍ॅप will damage your computer असा इशारा आला, तर मॅकने त्यात घातक काही ओळखलेले असते किंवा अ‍ॅपलने त्या सहीची मान्यता काढून घेतलेली असते. तिथे मुभा शोधायची नाही, फाइल टाकून द्यायची.

या पहाऱ्यात एक मोकळी वाटही आहे. ‘बाहेरून आली’ ही खूण फाइल उतरवणारा ब्राउझर लावतो. स्टुडिओतल्या मित्राने पेन ड्राइव्हमधून दिलेल्या अ‍ॅपवर ती अनेकदा नसते, म्हणून हा प्रश्न विचारलाच जात नाही आणि अ‍ॅप थेट उघडते. अशा वेळी मित्राकडून अ‍ॅप न घेता त्याच्या मूळ पानाचा पत्ता घ्यावा आणि आपल्या मॅकवर ते नव्याने उतरवावे, म्हणजे गेटकीपरला आपले काम करता येते.