गच्चीवरची शेड आणि शाळेतला कर्ण

(शेडच्या विषयावर बोलावलेल्या विशेष सर्वसाधारण सभेतील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



इमारतीला पंचवीस वर्षं झाली. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना हे सांगावं लागत नाही, दर पावसाळ्यात छताचे पोपडे ते सांगतात. गच्चीवर पत्र्याची शेड घालायची की नाही, हे आज आपल्याला ठरवायचं आहे. तीन ठेकेदारांची कोटेशनं कमिटीकडे आली आहेत. मी आयुष्यभर फॅब्रिकेशनच्या कामात होतो, म्हणून ती तपासायला माझ्याकडे दिली. दर कोणाचा कमी, हे मी सांगणार नाही. कारण तिघांनी एकाच शेडचा भाव दिलेलाच नाही. तिघांनी तीन वेगवेगळ्या शेडचा भाव दिला आहे. ते कसं, एवढंच आज समजून घेऊ.

पहिल्याने लिहिलंय, उतार १:४. दुसऱ्याने लिहिलंय, पिच १/४. तिसऱ्याने लिहिलंय, उतार २५ अंश. ऐकायला सगळं एकच वाटतं. चारातला एक म्हणजे पंचवीस टक्के, आणि तिसरा म्हणतोय पंचवीस. पण तसं नाही.

कोकणातल्या घराचं छप्पर डोळ्यांसमोर आणा. मधोमध आढं, दोन्हीकडे उतरती पाखं, खाली वळचण. आढ्यापासून सरळ खाली एक ओळंबा सोडा. आढ्यापासून ओळंब्याच्या पायापर्यंत उभी बाजू, तिथून भिंतीपर्यंत आडवी बाजू, आणि भिंतीपासून आढ्यापर्यंत तिरका वासा. झाला काटकोन त्रिकोण. वासा हा त्याचा कर्ण. आडव्या बाजूचा वर्ग अधिक उभ्या बाजूचा वर्ग, त्याचं वर्गमूळ म्हणजे वाशाची लांबी. शाळेत सगळ्यांनी हे केलं आहे.

आपल्या शेडचा गाळा, म्हणजे एका खांबाच्या मध्यापासून समोरच्या खांबाच्या मध्यापर्यंतचं अंतर, ८ मीटर आहे. आढं मधोमध, म्हणून आडवी बाजू ४ मीटर. इथे पुष्कळ जण चुकतात. त्रिकोणात अर्धा गाळा घ्यायचा, पूर्ण नाही.

आता उभी बाजू. १:४ उतार म्हणजे चार मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ. आपली आडवी बाजू नेमकी ४ मीटर, म्हणून आढ्याची उंची १ मीटर. चाराचा वर्ग सोळा, एकाचा एक, बेरीज सतरा. सतराचं वर्गमूळ ४.१२. वासा ४.१२ मीटर.

पिच म्हणजे मात्र आढ्याची उंची भागिले पूर्ण गाळा. पिच १/४ म्हणजे ८ मीटरचा चौथा हिस्सा, उंची २ मीटर! सोळा अधिक चार, वीस. वासा ४.४७ मीटर. आणि २५ अंशांचा उतार घेतला तर कॅल्क्युलेटरवर टॅन २५ काढून ४ ने गुणा. उंची १.८७ मीटर, वासा ४.४१ मीटर.

म्हणजे एकाचं आढं १ मीटरवर, दुसऱ्याचं २ मीटरवर आणि तिसऱ्याचं या दोघांच्या मध्ये. वाशात फरक पस्तीस सेंटिमीटरच्या आतला, पण त्रिकोणी तोंडाकडे पाहा. पहिल्या शेडचं तोंड ४ चौरस मीटरचं, दुसरीचं ८ चौरस मीटरचं. तिथे पत्रा दुप्पट लागणार आणि गच्चीवरचा वारा दुप्पट जागेवर आदळणार. अशा तीन आकड्यांतला लहान आकडा निवडणं म्हणजे भाव करणं नव्हे. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की तिघांनाही पत्र लिहून कळवा: गाळा मध्य ते मध्य ८ मीटर, आढ्याची उंची १ मीटर. उतार, पिच, अंश हे शब्दच नकोत. दोन लांब्या दिल्या की गैरसमजाला जागा उरत नाही.

आता कैचीचे बाकीचे तुकडे. नुसते दोन वासे टेकवले तर वजनाने ते खालून फाकतात आणि खांब बाहेर ढकलतात. म्हणून खाली आडवा ताण, म्हणजे ८ मीटरचा पाइप, लागतो. पण ४ मीटरचा वासा मध्ये वाकू नये यासाठी आत जाळी हवी. आपल्या मापाला सोयीची जाळी इंग्रजी डब्ल्यूसारखी असते. प्रत्येक वाशाच्या मध्यापासून एक आखूड टेकू वाशाला काटकोनात खाली येऊन ताणाला मिळतो, आणि तिथून एक लांब तुकडा वर आढ्याला जातो.

टेकू किती लांब? वाशाच्या अर्ध्या लांबीवर, म्हणजे २.०६ मीटरवर, तो काटकोनात उभा आहे. म्हणजे वळचणीशी पुन्हा तोच कोन असलेला एक छोटा काटकोन त्रिकोण तयार झाला. मोठ्या त्रिकोणात उभी बाजू आडवीच्या एक चतुर्थांश होती, इथेही तसंच असणार. २.०६ चा चौथा भाग, सुमारे साडेएक्कावन्न सेंटिमीटर. हा टेकू. या छोट्या त्रिकोणाचा कर्ण ताणाच्या पाइपवरच पडतो. तो २.१२५ मीटर येतो, म्हणजे वळचणीपासून २.१२५ मीटरवर टेकू ताणाला मिळतो. ताणाचा मधला भाग उरला ३.७५ मीटर.

आणि तिथून आढ्यापर्यंतचा लांब तुकडा? तोही २.१२५ मीटरच. टेकू वाशाच्या बरोबर मध्यावर आणि काटकोनात आहे, म्हणून त्याच्या खालच्या टोकापासून वळचण आणि आढं सारख्याच अंतरावर. साइटवर याचा उपयोग होतो. चांगला कारागीर पहिली कैची जमिनीवर खडूने पूर्ण मापात आखतो आणि बाकीच्या तिच्यावर ठेवून जुळवतो. त्या दिवशी कमिटीतल्या कोणीही टेप घेऊन ही दोन अंतरं मोजावीत. ती सारखी नसतील, तर टेकू मध्यावर नाही किंवा काटकोनात नाही. वेल्डिंग होण्याआधी हे सांगायला इंजिनिअर असावं लागत नाही.

वळचण भिंतीबाहेर ४० सेंटिमीटर काढायची आहे. हे ४० आडवे मोजलेले. वाशावर ते वाढतात, कारण आपल्या उतारावर आडव्या १ मीटरला तिरकी लांबी १.०३१ मीटर. म्हणून ४१ सेंटिमीटर, आणि वासा एकूण ४.५४ मीटर.

आता बेरीज करा. दोन वासे ९.०७, ताण ८, दोन टेकू १.०३, दोन लांब तुकडे ४.२५. एका कैचीला सुमारे २२.३५ मीटर. शेडची लांबी १५ मीटर, दर ३ मीटरवर एक, म्हणजे सहा कैच्या आणि १३४ मीटर पाइप. ठेकेदार किलोवर भाव देतो, पण पाइपचं मीटरला वजन कंपनीच्या तक्त्यात छापलेलं असतं. दोन्ही गुणा. कैच्यांचं वजन त्याहून फार जास्त दिसलं, तर कारण विचारा. थोडं जास्त दिसणारच, कारण सांध्यांच्या पट्ट्या आहेत आणि कापताना तुकडे वाया जातात. बाजारात पाइप साधारण ६ मीटरचा मिळतो. ८ मीटरच्या ताणाला जोड लागणारच, आणि तो कुठे आणि कसा घ्यायचा हे नकाशात दाखवलेलं असावं.

पत्र्याचंही असंच. दोन पाखी मिळून उतारावर ९.०७ मीटर, गुणिले १५, म्हणजे १३६ चौरस मीटर. त्यावर पत्र्यांचा एकमेकांवर चढणारा भाग वेगळा.

माप घेताना एक काळजी. कठड्याच्या आतून आत मोजलं तर आपल्याकडे ७.८५ भरतं, मध्य ते मध्य ८. हा पंधरा सेंटिमीटरचा फरक प्रत्येक वाशात पावणेआठ सेंटिमीटर कमी करतो. तेवढा पत्रा वळचणीला आखूड पडला की पाणी पुन्हा भिंतीवर. आणि गच्ची काटकोनात आहे का, तेही पाहा. ८ बाय १५ चा कर्ण बरोबर १७ मीटर येतो. दोन्ही कर्ण मोजा. एक बाजू दहा सेंटिमीटर सरकलेली असेल, तर दोन कर्णांत जवळजवळ अठरा सेंटिमीटरचा फरक दिसेल. जमिनीवर न दिसणारा तिरकेपणा कर्ण उघडा पाडतो.

आता या गणिताची हद्द. त्रिकोण लांबी सांगतो, पाइपची जाडी सांगत नाही. आपण काढलेल्या लांब्या पाइपच्या मध्यरेषेच्या आहेत. प्रत्यक्ष कापताना सांध्यापाशी त्या थोड्या कमी होतात, ते कारागिराचं काम. पण उंच गच्चीवर खरा शत्रू पत्र्याचं वजन नसून वारा आहे. तो पत्रा वर उचलतो. खांब इमारतीच्या बीमला कसे बांधायचे, पाइप किती जाडीचा घ्यायचा, याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरने वाऱ्यासाठीच्या आयएस ८७५ भाग ३ या मानकाप्रमाणे करून सही द्यायला हवी. महापालिकेची परवानगीही त्याच नकाशावर घ्यायची, आणि त्यातली आढ्याची उंची कोटेशनशी जुळायला हवी.

म्हणून माझी विनंती अशी, की आज कोणतंही कोटेशन मंजूर करू नका. तिघांना एकच गाळा आणि एकच उंची द्या, तुकड्यांच्या लांब्यांची यादी मागा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बसू. यादी आली की आपल्या सोसायटीतली दहावीची मुलंसुद्धा ती तपासून देतील.