हजारातले एक कासव

माझी पुतणी पुण्यात बी.एस्सी. करते आहे. परिस्थितिकीच्या तासाला तिला वर्गापुढे एक उदाहरण मांडायचे होते. "चाचा, डास आणि हत्ती तर सगळेच सांगतात," ती म्हणाली. मी म्हटले, "मग वेळासचे कासव घे."

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये केलेली विभागणी सोपी आहे. डास लवकर वयात येतो, एका खेपेला शंभरेक अंडी घालतो आणि त्यांच्याकडे फिरकतही नाही. ही 'आर' निवड. गिधाड पाचेक वर्षांनी वयात येते, वर्षाला एकच अंडे घालते आणि पिलाला महिनोन्‌महिने भरवते. ही 'के' निवड.

आता जगण्याचा आलेख. आडव्या रेषेवर वय आणि उभ्या रेषेवर किती उरले ते, दर पायरीला दहापट. माणसाची रेघ बराच काळ सपाट जाते आणि म्हातारपणी कोसळते, हा पहिला प्रकार. पुष्कळ पक्ष्यांची, घरट्यातून उडाल्यानंतरची रेघ सरळ उतरते, म्हणजे प्रत्येक वयात मरणाची शक्यता जवळपास सारखीच, हा दुसरा. तिसऱ्यात रेघ आरंभीच कड्यासारखी तुटते आणि मग सपाट होते.

ऑलिव्ह रिडले कासवाचा आलेख हा तिसरा. मादी वाळूत शंभरावर अंडी पुरते आणि समुद्रात परत जाते. कोल्हे, कुत्री, खेकडे, पक्षी, मासे यांतून हजारात एखादेच वयात येते, असा ढोबळ अंदाज सांगतात. अंडी पाहिली तर ही डासाच्या पंगतीत बसेल. पण वयात यायला तिला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि पुढे ती अनेक हंगाम किनाऱ्यावर येते. हे तर गिधाडाचे लक्षण! विभागणी इथे अडखळते, आणि म्हणूनच मला हे उदाहरण आवडते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने आणि गावकऱ्यांनी अंडी कुंपणात हलवून जपायला सुरुवात केली. त्याने रेघेचा पहिला कडा थोडा कमी तुटतो. समजा, हजार अंड्यांतून एकाऐवजी दोन कासवे वयात आली, तरी त्यांतली एक मादी ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरली (कासव फुप्फुसाने श्वास घेते), की एवढ्या सगळ्या खटपटीची कमाई गेली. अमेरिकेतल्या लॉगरहेड कासवांवर १९८७ मध्ये केलेल्या गणितात हेच दिसले. पहिल्या वर्षी एकही अंडे वा पिलू दगावले नाही असे धरले, तरी त्यांची संख्या घटतच होती. मोठ्या वाढत्या कासवांचे मरण कमी केले, तेव्हा कुठे ती सावरली.

म्हणून ट्रॉलरच्या जाळ्यात तिरपी जाळी बसवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर आदळून झडपेतून बाहेर पडते. थोडी मासळीही त्याबरोबर निसटते, आणि कोळी बांधवांचा आक्षेप नेमका तिथेच असतो.