गलाईच्या दुकानाचा हवाला

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कोइमतूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यवसायाविषयी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही जो विषय निवडला तो ऐकून काहींना नवल वाटले. दुकान कसे उभारावे हे सांगणारे पुष्कळ असतात. दुकान सोडावे कसे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची आपली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर विखुरली आहेत. त्यांतील बहुतेकांच्या दुकानांत आज काका जात आहेत आणि पुतणे येत आहेत. आम्हीही आमचे दुकान धाकट्या बंधूंच्या चिरंजिवांच्या हाती सोपविले. त्या वेळी त्यांना जे टिपण लिहून दिले आणि गिऱ्हाइकांना जे निरोपाचे पत्र धाडले, त्यांचाच आशय आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करितो. परक्यास दुकान विकताना माणूस प्रत्येक गोष्ट लिहून घेतो. पुतण्यास देताना मात्र ‘तो काय परका आहे?’ असे म्हणून काहीच लिहीत नाही. पुढे शंका आली, तर काकांना विचारणे पुतण्यास जड जाते आणि पुतण्यास विचारणे काकांना कमीपणाचे वाटते. म्हणून नाते जितके जवळचे तितके लिखाण अधिक नेमके असावे, असे आमचे मत आहे. गलाईच्या धंद्यात तर याची विशेष गरज असते, कारण आमच्या दुकानातील बहुतेक धातू आमच्या मालकीचा नसतोच. तो लोकांचा असतो. दुकान देणे म्हणजे भट्टी, तराजू आणि तिजोरी देणे नव्हे. कोणाचे किती आपल्याकडे आहे, हे ज्ञान देणे होय.

यातील अडचण एका उदाहरणाने सांगतो. समजा, एका सोनाराने ५० ग्रॅमचे जुने दागिने आणले. मुशीत टाकणखार घालून वितळविले की लाख, मळ वगैरे जळून जाते आणि ४९.२०० ग्रॅमची लगड हाती येते. तिचा टंच ८८ निघाला, तर तिच्यात शुद्ध सोने ४३.२९६ ग्रॅम. आता ते शुद्ध करावयाचे, तर सोन्याच्या सुमारे तिप्पट, म्हणजे १३० ग्रॅमच्या आसपास चांदी त्यात मिसळावी लागते. ही चांदी दुकानाची. मिश्रण वितळवून पाण्यात ओतले की त्याचे दाणे होतात. ते दाणे नायट्रिक आम्लात, ज्याला आपण तेजाब म्हणतो त्यात, उकळले की चांदी आणि तांबे विरघळून जाते आणि सोने तेवढे तपकिरी चिखलासारखे तळाशी उरते. ते धुऊन पुन्हा वितळविले की पिवळे दिसते.

आता त्या उकळण्याच्या मध्यावर कोणी येऊन म्हणाला, ‘दुकानातील माल मोजा’, तर काय मोजणार? सोने चिखलात आहे. चांदी तर डोळ्यांना दिसतही नाही. ती निळसर पाण्यात विरघळलेली आहे. त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या म्हणजे चांदी खाली बसते. १३० ग्रॅम चांदी बसण्यास सुमारे ३८ ग्रॅम तांबे खर्ची पडते, आणि तेजाब जास्त उरले असेल तर त्याहून अधिक. सारी चांदी उतरली की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. वरचे निवळ पाणी थोडे वेगळे घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचे चार थेंब टाकावेत. दुधासारखे ढवळले, तर चांदी अजून पाण्यातच आहे. ही परीक्षा न करता पाणी ओतून देणारा माणूस दुसऱ्याची वा आपली चांदी गटारात सोडतो.

म्हणून टिपणातले पहिले कलम असे होते, की सर्व धातू घनरूपात असेल त्याच दिवशी हवाला द्यावा. पाडव्याचा मुहूर्त घ्यावा, असे घरच्यांचे म्हणणे पडले. परंतु हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून आम्ही १ एप्रिल धरिला. त्याआधी तीन दिवस नवे काम घेतले नाही. भांड्यांतले सारे उकळून, बसवून, वितळवून घेतले. मग भट्टी शांत करून प्रत्येक लगड तोलली आणि तिच्या चिठ्ठीशी ताडून पाहिली. चिठ्ठीवर चार आकडे असतात : आणलेले वजन, वितळल्यानंतरचे वजन, टंच आणि देणे असलेले शुद्ध सोने. या चारांपैकी एकही आकडा नसलेली लगड पुतण्याच्या स्वाधीन करावयाची नाही, असा नियम होता.

दुसरे कलम झाडणीचे. हे ऐकून आपण हसाल. पण गलाईवाल्यांच्या घरांतले तंटे याच कचऱ्यावरून पेटतात. फुटक्या मुशी, जमिनीवरची धूळ, धुण्याच्या टाकीतला गाळ, धुराड्याच्या नळीतली काजळी, या सर्वांत सोन्याचे कण असतात. वर्षानुवर्षांच्या दुकानाची फरशी उखडली, तर तिच्याखालच्या मातीतूनही सोने निघते. जाणारा म्हणतो, ‘हे माझ्या काळात पडले.’ येणारा म्हणतो, ‘दुकान माझे, तर दुकानातली माती माझी.’ दोघांचेही म्हणणे खरे असते. आम्ही ठरविले ते असे : मुशी, गाळ, धूळ आणि काजळी ही हवाल्याच्या दिवसापर्यंतची आमची, ती पोत्यांत भरून, मोहोर लावून, दोघांच्या समक्ष झारेकऱ्यास द्यावी. फरशीखालची माती मात्र कायमची पुतण्याची. ते लिहून दोघांनी सह्या केल्या आणि विषय संपला.

तिसरे कलम हाताच्या पारखीचे. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून, तिच्यावर आम्ल लावून टंच सांगणे ही सवयीची गोष्ट आहे. तीत एका टक्क्याची चूक सहज होते. वरच्याच लगडीत एक टक्का म्हणजे ०.४९२ ग्रॅम, जवळजवळ अर्धा ग्रॅम. आणि तो कोणाच्या तरी पदरातला. आजकाल क्ष-किरणांचे यंत्र क्षणात आकडा दाखविते. तथापि ते पृष्ठभागापुरतेच पाहते. सोन्यात इरिडियमची पूड मिसळलेली असली, तर ती सोन्याशी एकजीव होत नाही. जड असल्याने मुशीच्या तळाशी बसते, आणि वरून तपासलेली लगड चोख भासते. म्हणून तळाच्या बाजूचाही नमुना घ्यावा. कसोटीवर घासताना कठीण खडा लागल्यासारखे वाटले, तर संशय धरावा. तीन महिने आम्ही व पुतणे एकाच नमुन्याचा टंच स्वतंत्रपणे कागदावर लिहीत असू आणि मान्यताप्राप्त केंद्रातील अग्निपरीक्षेच्या आकड्याशी दोन्ही ताडून पाहत असू. त्यांचा आकडा आमच्याइतकाच जवळ येऊ लागला, तेव्हाच सहीचा अधिकार त्यांना दिला.

याच कलमात धुराविषयी एक ओळ होती आणि ती तांबड्या शाईने लिहिली होती. तेजाबातून निघणारा तपकिरी धूर छातीत गेला, तर त्या क्षणी थोडा खोकला येतो आणि बरे वाटू लागते. खरा त्रास पुष्कळदा काही तासांनी सुरू होतो आणि प्राणावर बेततो. म्हणून असा धूर लागलेल्या कारागिरास घरी न पाठविता दवाखान्यात न्यावे, आणि धूर शोषून धुणारे यंत्र बंद असेल त्या दिवशी तेजाबाचे काम करूच नये.

चौथे कलम कागदपत्रांचे. त्यात फार शिरत नाही. एकट्या मालकाच्या दुकानास कायद्याच्या दृष्टीने मालकाहून वेगळे अस्तित्व नसते. पाटी तीच राहिली, तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी, बँकेचे चालू खाते, जागेचा करार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, सारे पुतण्याच्या नावाने नव्याने करावे लागते. जुन्या नोंदणीतील शिल्लक करजमा नव्या नोंदणीकडे नेण्यासाठी ITC-02 हा नमुना भरावा लागतो. देण्यांसह व्यवसाय सोपविल्याचा करार आणि सनदी लेखापालाचा दाखला त्यासाठी लागतो, आणि तो नमुना घेणाऱ्यानेही स्वीकारावा लागतो. येथे पुष्कळ जण घाईने जुनी नोंदणी आधी रद्द करून बसतात आणि मग ती जमा नेता येत नाही. आधी जमा न्यावी, मगच नोंदणी बंद करावी. जुना कर थकला असेल, तर त्याची जबाबदारी दोघांवरही येते, हेही ध्यानी असावे. काकांनी पुतण्यास दिलेल्या देणगीवर पुतण्यास आयकर पडत नाही. उलट पुतण्याने काकांस दिले, तर ती सवलत नाही. नाते तेच, पण कायदा ते घेणाऱ्याच्या बाजूने मोजतो.

शेवटचे कलम एका वाक्याचे होते : अनोळखी माणसाचे सोने, त्याची ओळख नोंदल्यावाचून, मुशीत घालू नये, कारण वितळल्यावर सोन्याला तोंड राहत नाही आणि जबाब आपणांस द्यावा लागतो.

आता गिऱ्हाइकांस लिहिलेले पत्र. ते तमिळ आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापिले होते. मराठी मजकूर येथे वाचून दाखवितो :

“सप्रेम नमस्कार. १ एप्रिलपासून हे दुकान आमचे पुतणे चालवितील. ३१ मार्चपर्यंत आमच्या सहीने दिलेल्या चिठ्ठ्यांवरील धातू परत करण्याची जबाबदारी आमची आहे. दुकान दिले म्हणून ती सुटत नाही. आपणांजवळ अशी चिठ्ठी असेल, तर ती जून अखेरपर्यंत आणून हिशेब पुरा करावा. चिठ्ठी हरवली असल्यास आमच्या वहीत नोंद आहे. संकोच न करता यावे. १ एप्रिलनंतर आमची सही असलेली नवी चिठ्ठी कोणी दाखविल्यास ती खरी मानू नये. नव्या मालकांचा टंच आपणांस मान्य नसेल, तर नमुना आपल्या पसंतीच्या केंद्रात तपासून घ्यावा. त्याचा राग येणार नाही, असे त्यांनी आम्हांस लिहून दिले आहे. आपण आपल्या घरचे सोने आमच्या भट्टीत डोळ्यांआड होऊ दिलेत. तो विश्वास आमच्याबरोबर निवृत्त होत नाही. त्याचा हिशेब नव्या वहीच्या पहिल्या पानावर पुतण्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला आहे. लोभ असावा.”

जून अखेरीस वहीत तीन चिठ्ठ्या उरल्या. दोघांच्या वारसांचा शोध लागला आणि त्यांचे त्यांना पोहोचले. तिसऱ्याचे सात ग्रॅम सोने अद्याप वेगळ्या पुडीत आहे. तिच्यावर पुतण्यांची सही आणि आमचीही सही आहे. ही एक पुडी वगळता आता त्या दुकानात आमचे असे काही नाही. ती ज्याची आहे तो किंवा त्याचे कोणी येईपर्यंत ती त्या तिजोरीत राहील, आणि पुतण्यांनीही पुढे कोणाला दुकान दिले, तर हवाल्याच्या यादीत तिचा आकडा पहिला असेल.