जाऊबाईंच्या पाटल्या

आमच्या घोडेगावच्या बचत गटात मासिक बैठक संपली, वहीवर सह्या झाल्या, की अर्धा तास आठवणी वाचायच्या असं गेल्या वर्षी ठरलं. सुरुवातीला लग्नाची वरात, पहिलं बाळंतपण, दुष्काळात छावणीवर काढलेले दिवस असं सगळं आलं. मग एका ताईंनी पानभर मजकूर आणला आणि आमची बैठक गप्प झाली. तो मजकूर आम्ही सगळ्यांनी मिळून कसा दुरुस्त केला ते आज सांगणार आहोत. ताईंना विचारलं आहे, आणि त्यांची ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत.

मूळ मजकूर असा होता: “माझी थोरली जाऊ मुळातच लबाड. आत्याबाई अंथरुणाला खिळल्यावर तिनं त्यांना फितवलं आणि चार पाटल्या लाटल्या. सगळ्या गावाला माहीत आहे. तिच्या पोरीला सासरच्यांनी परत पाठवली ते उगीच नाही.”

चारच वाक्यं. पण ही आमच्या गावाच्या विशेषांकात छापून आली असती तर काय झालं असतं, सांगा. त्या घरात थोरली जाऊ एकच आहे. नाव घातलं नाही तरी बोट तिच्याकडेच जाणार.

पहिल्यांदा आम्ही ताईंच्या हातात तीन पेनं दिली. डोळ्यांनी पाहिलेलं निळ्यानं, कुणाकडून ऐकलेलं हिरव्यानं, आणि स्वतः लावलेला अर्थ लाल पेनानं अधोरेखित करायचा. सगळा कागद लाल झाला. निळं एवढंच उरलं की आत्याबाई गेल्यानंतरच्या दिवाळीत जाऊबाईंच्या हातात त्या पाटल्या होत्या. “गावाला माहीत आहे” हे हिरवं होतं, आणि ते गाव म्हणजे शेजारची एक बाई. “फितवलं” आणि “लाटल्या” हे लालच. आत्याबाईंनी पाटल्या स्वतः दिल्या की जाऊबाईंनी काढून घेतल्या, हे ताईंनी पाहिलेलं नव्हतं.

मग ताई चिडल्या. म्हणाल्या, “म्हणजे मी खोटं बोलते का?” नाही हो. तुमचा संशय खराच आहे, तो संशय म्हणूनच लिहा. “दिवाळीत तिच्या हातात पाटल्या पाहिल्या आणि मला वाटलं, हिनं आत्याबाईंना फितवलं.” या वाक्यात राग तसाच राहतो, पण तो तुमच्या नावावर पडतो. “लबाड” हा शब्द तर आम्ही काढूनच टाकला. विशेषणाला पुरावा लागत नाही, म्हणून ते लिहायला सोपं असतं. त्याच्या जागी त्या दिवशी नेमकं काय बोललं गेलं ते लिहा म्हटलं. ताईंना आठवलं, की त्यांनी विचारल्यावर जाऊबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “ज्यानं उचललं, त्याला दिलं.”

आता उचललं म्हणजे काय? आत्याबाईंना अर्धांगवायू झाला होता. दीड वर्ष त्यांना कुशीवर वळवणं, धुणं, भरवणं जाऊबाईंनी केलं. ताई तेव्हा नवऱ्याबरोबर पुण्याला होत्या. ही गोष्ट पहिल्या मजकुरात नव्हतीच. ताईंनी ती मुद्दाम लपवली असं आम्ही म्हणत नाही. आपल्या बाजूनं बघताना ती दिसतच नाही. ती घातल्यानं पाटल्या जाऊबाईंच्याच असं ठरत नाही. वाचणाऱ्या बाईला दोघींची बाजू कळते, एवढंच.

इथं लक्ष्मीबाई टिळकांची आठवण निघाली, कारण त्या आपल्या नगरलाही राहिल्या होत्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली. टिळक तापट होते, न सांगता घर सोडून जायचे, धर्मांतरानंतर दोघं काही वर्षं वेगळे राहिले, हे त्यांनी लिहिलं. पण त्याबरोबर स्वतःचा हट्ट आणि स्वतःचं सोवळंओवळंही लिहिलं. म्हणून टिळकांबद्दलचं आपल्याला पटतं. ताईंनाही आम्ही विचारलं, तुम्ही काय केलंत? बराच वेळ त्या पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, “पुतणीला मी ओट्यावरून हाकलली होती. सात वर्षांची होती.” ते वाक्य आता मजकुरात आहे.

पुतणीचं दुसरं वाक्य मात्र काढलं. तिला सासरहून परत पाठवलं हे खरं आहे, पण पाटल्यांशी त्याचा संबंध नाही. ती आज पुन्हा स्थळं बघते आहे. भांडण दोन जावांचं. तिनं त्यात काही केलेलं नाही आणि तिला कुणी विचारलेलंही नाही. प्रत्येक तपशिलाला आम्ही एवढंच विचारतो: हा काढला तर गोष्ट अडते का, आणि ठेवला तर कुणाचं काय जातं? आत्याबाईंचा आजार काढला तर गोष्टच कळत नाही, म्हणून तो ठेवला. थोरल्या दिरांची कांदा मार्केटातली अडत काढली, कारण त्यावाचून काही अडत नव्हतं.

नावं बदलताना आमची एक चूक झाली. आम्ही जाऊबाईंना दुसरं नाव दिलं आणि घर शेजारच्या गावी नेलं. एक मैत्रीण म्हणाली, “अगं, तिथं त्या नावाची, सासूचं करणारी बाई खरंच आहे!” म्हणजे एकीला वाचवायला दुसरीवर आळ. आता नाव न देता नुसतं ‘जाऊबाई’ लिहितो, आणि गावाचा उल्लेखच करत नाही. परक्या वाचकापासून ओळख लपते. घरच्यांपासून आणि गल्लीपासून ती लपत नाही, हे लिहिणारीनं धरूनच चालायचं.

उलट टोकालाही गेलो होतो. घाबरून ‘एका नातेवाइकानं एका वस्तूबाबत गैरसमज निर्माण केला’ असं लिहिलं. वाचल्यावर एक आजी म्हणाल्या, “मग भांडण कशाचं झालं?” तेव्हा पाटल्या परत आणल्या.

कायद्याचंही थोडं सांगतो. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. नाव घेतलं नाही तरी माणूस ओळखू आला तर तक्रार होऊ शकते. नुसतं ‘खरं आहे’ म्हणून भागत नाही, ते सांगण्यात लोकहित असावं लागतं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिलेलंही त्यात येऊ शकतं.

आणि मारहाण, जबरदस्ती असेल तेव्हा? तिथं समोरच्याची बाजू समजून घ्या असं आम्ही कुणाला सांगत नाही, आणि त्याला आधी वाचूनही दाखवू नये. पाहिलं, सोसलं ते तसंच लिहावं. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ नवऱ्यापासून लपवून लिहिलं, आणि स्वतःला झालेली मारहाण त्यात घातली नाही. ती त्यांनी पुढं एका मुलाखतीत सांगितली; ती मुलाखत २००८ च्या इंग्रजी अनुवादात छापली आहे. काय कधी सांगायचं ते त्या बाईनं ठरवायचं.

ताईंचं प्रकरण तसं नव्हतं. म्हणून त्या कागद घेऊन जाऊबाईंकडे गेल्या. आम्ही सांगितलं होतं, मत बदलून घ्यायला जाऊ नका, फक्त ‘यात घडलेलं काही चुकलंय का’ एवढं विचारा. जाऊबाईंनी पोरीकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, “पाटल्या चार नाही, दोन होत्या. दोन तुझ्या नवऱ्याच्या पुण्याच्या खोलीच्या डिपॉझिटला आत्याबाईंनी मोडल्या. तुला सांगितलं नाही त्यानं?”

ताईंनी नवऱ्याला विचारलं. तो म्हणतो, आठवत नाही. मजकुरात आता तिघांचंही लिहिलं आहे: ताई चार म्हणतात, जाऊबाई दोन, आणि नवऱ्याला आठवत नाही. पुढच्या बैठकीत तो पुन्हा वाचायचा आहे, आणि या वेळी जाऊबाईही येणार म्हणाल्या आहेत.