नववीच्या उंबरठ्यावर
(जुन्या दात्यांच्या उपासनासभेत वाचलेले पत्र)

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

मागील वर्षांत आपण आमच्या मुलींना वह्या, दप्तरे दिलीत. त्यांतल्या काही जणी आता आठवी पूर्ण करत आहेत. आज त्यांच्या पुढच्या वर्षासाठी मी आपल्यापुढे उभी आहे.

शिक्षण हक्क कायद्याचे मोफत शिक्षण आठवीपर्यंत आहे. धडगाव-अक्कलकुवा भागातल्या अनेक पाड्यांसाठी नववीचा वर्ग लांबच्या गावात असतो. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण एसटी मोठ्या रस्त्यानेच जाते. तिथपर्यंत जीपला पैसे मोजावे लागतात, आणि जूनमध्ये घरातला पैसा बियाण्यात गेलेला असतो.

दुसरी अडचण दिवाळीनंतर येते. आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. ते पहाटे फडात गेले की झोपडीवर धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी तरी हवे असते. हे काम चौदा वर्षांच्या मुलीकडे येते. उन्हाळ्यात ती परतते, तोवर परीक्षा होऊन गेलेली असते.

म्हणून आमच्या शिष्यवृत्तीत ती मागे आजीकडे राहू शकेल एवढी तरतूद हवी. एका मुलीचा हिशेब असा मांडला आहे. जीपचे जाण्यायेण्याचे ४० रुपये धरले, तर महिन्याचे २४ दिवस आणि दहा महिने मिळून ९,६०० रुपये होतात. आईवडील बाहेर असतील त्या सहा महिन्यांत आजीच्या घरी तिच्या वाट्याचे धान्य-तेल महिना ७०० प्रमाणे ४,२००. वह्या आणि गणवेश १,२००. एकूण १५,००० रुपये.

हे पैसे एकदम द्यायचे नाहीत. पहिला हप्ता जूनमध्ये, शाळा उघडताना. दुसरा दिवाळीच्या सुट्टीनंतर, ती वर्गात बसल्यावर. सुट्टी संपून आठवडा झाला आणि हजेरीपटावर तिची खूण नसेल, तर आमची कार्यकर्ती त्याच आठवड्यात घरी जाईल. महिनाभर थांबले तर कुटुंब निघून गेलेले असते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. मुलीला सोबत नेण्याचे ठरवूनच उचल घेतली गेली असेल, तर आमचा हप्ता तिला थांबवू शकत नाही. त्यामुळे आईवडिलांशी आणि आजीशी बोलणे उचलीच्या आधी, पावसाळ्यातच व्हायला हवे. धाकट्यांचे काय, हा प्रश्नही त्याच बैठकीत सोडवावा लागतो.

एका कुटुंबाला पूर्ण रक्कम जड वाटली, तर दोन-तीन घरांनी मिळून एक मुलगी घ्यावी. आपले वचन मे महिनाअखेर आपल्या पाळकसाहेबांकडे कळवावे, म्हणजे जूनचा हप्ता वेळेवर निघेल. आणि नोव्हेंबरमध्ये या मुलींसाठी आवर्जून प्रार्थना करावी. त्यांची खरी कसोटी तेव्हा असते.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण