प्लस वन आणि आहेराची वही

ऑफिसच्या डिनरच्या फॉर्ममध्ये 'प्लस वन'चा रकाना असतो. तो फक्त ताटं मोजायला. सोबत कोण आलं, याची नोंद कोणी ठेवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मैत्रिणीनं मला तिच्या मामेभावाच्या लग्नाला बोलावलं, वडसाला, म्हणजे देसाईगंजला. आमच्या गडचिरोलीकडे लग्नाचं आवतण एकट्या माणसाला नसतं, घराला असतं. पत्रिकेला हळदकुंकू लावतात, वर घरच्या कर्त्याचं नाव लिहितात आणि पुढे 'सहपरिवार'. माझ्या घरी पत्रिका आलीच नव्हती. म्हणजे मी तिचा पाहुणा होतो, तिच्या मामांचा नाही. हे मला मांडवात गेल्यावर कळलं.

जेवण झालं आणि मी आहेर द्यायला गेलो. वही लिहिणारे काका म्हणाले, "नाव, गाव सांगा." ही वही घरात जपून ठेवतात. देणाऱ्याच्या घरी लग्न निघालं की ती उघडून बघतात आणि निदान तेवढा आहेर परत करतात. म्हणजे बाबांचं नाव लिहिलं की दोन घरांचं देणंघेणं सुरू! मी गप्प राहिलो. तिचे मामा बाजूलाच होते. ते शांतपणे म्हणाले, "भाचीच्याच नावावर लिहा जी." तिनंही ते ऐकलं.

दिवाळीनंतर त्याच घरून दुसऱ्या लग्नाची पत्रिका आली. या वेळी वर बाबांचं नाव होतं.

बाबा म्हणाले, "हे कोण लोक आहेत रे?"

मग मला सगळं सांगावं लागलं.